सहा महिने आणि एक दिवस

पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून ३१ जानेवारी २०२५ रोजी दोन कामगार निवृत्त झाले. दोघांचा शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पगार २६,००० रुपये. काम एकच, खातंही एकच. एकाला ग्रॅच्युइटी मिळाली ३,४५,००० रुपये आणि दुसऱ्याला ३,३०,०००. पहिला ३१ जुलै २००२ ला, बुधवारी, कामावर रुजू झाला होता. दुसऱ्याचा वैद्यकीय दाखला एक दिवस उशिरा आला, म्हणून तो गुरुवारी, १ ऑगस्टला हजर झाला. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या एका दिवसाची किंमत आज १५,००० रुपये निघाली.

हा दुसरा कामगार लोधिवलीचा. एप्रिल महिन्यात तो आपला हिशेबाचा कागद घेऊन गावातल्या मामांकडे आला. मामांचं आयुष्य एका रासायनिक कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेलं. मस्टर, रजा, बिनपगारी, फुल अँड फायनल हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता चौकपासून मोहोपाड्यापर्यंतचे कामगार कागद दाखवायला त्यांच्याकडे येतात. त्यांची भाची खोपोलीला एका सीएच्या कार्यालयात कारखान्यांची पगारपत्रकं बघते. ती त्या दिवशी तिथेच होती. हिशेब बरोबर आहे का, या प्रश्नाला दोघांचंही उत्तर ‘बरोबर’ असंच होतं. तो न्याय्य आहे का, यावर मात्र दोघांचं पटलं नाही. त्या बोलण्यातलं जे महत्त्वाचं वाटलं ते इथे देतो आहे. कामगाराचं आणि कारखान्याचं नाव मुद्दाम देत नाही.

भाची : मामा, आधी कायदा काय म्हणतो ते धरून चालू. ग्रॅच्युइटी कायदा १९७२ चा, कलम ४, पोटकलम २. प्रत्येक पूर्ण वर्षासाठी, किंवा सहा महिन्यांहून जास्त असलेल्या वर्षाच्या भागासाठी, पंधरा दिवसांचा पगार. महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५. २६,००० चे रोजाचे झाले एक हजार, पंधरा दिवसांचे १५,०००. बावीस वर्षांचे ३,३०,०००. ऑफिसने काही चूक केलेली नाही.

मामा : नाहीच केली. १ ऑगस्ट २००२ ते ३१ जुलै २०२४ ही बावीस वर्षं. पुढे १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी, बरोबर सहा महिने. सहा महिने भरले, पण ओलांडले नाहीत. कायद्यात ‘सहा महिने किंवा जास्त’ असं नाही, ‘सहा महिन्यांहून जास्त’ असं आहे. त्याच्या सोबत्याचे सहा महिने ३० जानेवारीला भरले आणि ३१ जानेवारी हा वरचा एक दिवस. त्या दिवसाने त्याचं तेविसावं वर्ष धरलं गेलं.

भाची : आणि हेच मला पटत नाही. एकाने सहा महिने काम केलं, त्याला त्या सहा महिन्यांचा एक पैसा नाही. दुसऱ्याने सहा महिने एक दिवस काम केलं, त्याला पूर्ण वर्षाचे १५,०००. आपण अर्धा लिटर दूध घेतलं तर अर्ध्या लिटरचे पैसे देतो. इथे अर्ध्याचे काहीच नाहीत आणि अर्ध्याहून थेंबभर जास्त झालं की पूर्ण लिटरचे. साडेबावीस वर्षांचे सरळ ३,३७,५०० द्यायला काय हरकत होती? आता सगळा हिशेब संगणकावर होतो, दिवसांवर मोजायला एक सेकंद लागत नाही.

मामा : १९७२ मध्ये संगणक नव्हता, मस्टर होतं. आणि मस्टर म्हणजे काय ते मी तुला सांगतो. पावसाळ्यात भिजलेलं, पानं फाटलेली, जुन्या क्लार्कचं अक्षर लागत नाही. दिवसावर हिशेब ठेवला असता तर प्रत्येक निवृत्तीला प्रत्येक दिवसावर भांडण झालं असतं. हा दिवस बिनपगारी का भरपगारी, ही सुट्टी धरायची का नाही? वर्षांवर हिशेब ठेवला म्हणून बहुतेकांच्या बाबतीत भांडणच उरत नाही. बावीस वर्षं आठ महिने असतील तर दोन-चार दिवस इकडे-तिकडे झाले तरी तेवीसच येतात. भांडण फक्त त्या सहा महिन्यांच्या आसपासच्या लोकांचं राहतं. शंभरातल्या चार-पाचांचं म्हण.

भाची : त्या चार-पाचांत जो असतो त्याला बाकीच्यांशी काय करायचंय?

मामा : दुसरंही ऐक. सहा महिन्यांच्या आत ज्याचा भाग आहे त्याचं नुकसान, वर ज्याचा आहे त्याचा फायदा. पाच महिन्यांवाल्याचे पाच गेले, सात महिन्यांवाल्याला पाच जास्त मिळाले. कारखान्यातले सगळे कामगार एकत्र धरलेस तर हिशेब जवळजवळ बरोबरीत येतो. कायदा करणाऱ्यांनी कामगाराला लुबाडायला ही रेघ ओढलेली नाही.

भाची : सगळे एकत्र धरले तर कारखान्याचा हिशेब बरोबरीत येतो, हे खरं. कारण कारखान्यातून दरवर्षी माणसं निवृत्त होतात. पण कामगार आयुष्यात एकदाच निवृत्त होतो. त्याची सरासरी कोण काढणार? आणि मामा, तुमची बरोबरी तेव्हाच खरी, जेव्हा शेवटची तारीख कोणाच्या हातात नसते.

इथे भाचीने मुद्द्याला हात घातला, असं मला वाटतं. या नियमावर बोलताना बहुतेक जण सहा महिन्यांची रेघ बरोबर की चूक एवढ्यावरच थांबतात. पण ती रेघ कोणाला फायद्याची, हे शेवटचा दिवस कोण ठरवतो यावर अवलंबून असतं. नियत वयाला निवृत्त होणाऱ्याची तारीख त्याच्या जन्मतारखेने ठरलेली असते, तिथे दैव आहे असं म्हणू. राजीनामा देणाऱ्याची तारीख त्याच्या हातात असते. कामावरून कमी केलेल्याची मालकाच्या हातात. आणि कारखाना बंद होतो तेव्हा ती तारीख तिसरीकडेच ठरते. रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या बाबतीत मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले तोट्यातले प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय दिल्लीत होतो, आणि इथल्या माणसाच्या सेवेची वर्षं त्यावरून मोजली जातात.

मामा : बरोबर आहे तुझं. म्हणून तर मी राजीनामा द्यायला निघालेल्या प्रत्येकाला आधी रुजू झाल्याची तारीख विचारतो. एक पोरगा आला होता, नवी नोकरी लागली म्हणून महिन्याअखेर सोडायचं म्हणाला. त्याची सर्व्हिस त्या दिवशी भरत होती अकरा वर्षं पाच महिने बावीस दिवस. मी म्हटलं, नव्या साहेबाला दहा दिवस मागून घे. त्याला मिळाले. अकराची बारा झाली.

भाची : त्याला तुम्ही भेटलात म्हणून. आणि उलट झालं असतं तर? त्याने महिन्याची नोटीस दिली आणि कंपनी म्हणाली, उद्यापासून येऊ नको, नोटिशीचा पगार घेऊन जा. मग?

मामा : मग ऑफिस शेवटचा दिवस तोच धरतं, ज्या दिवशी त्याला मोकळा केला. नोटिशीच्या बदल्यात पैसे दिले म्हणजे सेवा तेवढी वाढली, असं ते मानत नाहीत. त्यासाठी मी सांगतो, राजीनाम्याच्या अर्जात ‘अमुक तारखेला कामकाज संपल्यावर’ असं तारीख घालून लिहा आणि पोच घ्या. कंपनीने आधी काढलं तर निदान भांडायला कागद राहतो. पण तो कागद म्हणजे जिंकण्याची हमी नाही, हेही सांगतो.

भाची : म्हणजे रेघ जवळ आली की मालकाला दहा दिवस आधी मोकळं करायचा मोह होणार. दिवसांवर हिशेब असता तर दहा दिवस आधी काढून त्याचे साधारण चारशे रुपये वाचले असते. चारशेसाठी कोणी असलं काही करत नाही. पंधरा हजारांसाठी करतो.

मामा यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी कागद परत हातात घेतला आणि विषय बदलला असं वाटलं, पण बदलला नव्हता.

मामा : तुमच्या सरकारी लोकांचं काय असतं? तुझे वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले ना?

भाची : तिथे वेगळं आहे. सरकारी निवृत्तिवेतन नियमांत सहामाही धरतात, वर्ष नाही. प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी पगाराचा चौथा हिस्सा. आणि तीन महिने किंवा त्याहून जास्त भाग उरला तर ती सहामाही पूर्ण धरायची. केंद्राच्या १९७२ च्या नियमांत शब्दच तसे होते, ‘तीन महिने आणि त्यावर’. म्हणजे तिथे तीन महिने भरलेला माणूसही आत येतो. आपल्या या कामगाराला तिथल्या मोजणीने साडेबावीस वर्षं, म्हणजे पंचेचाळीस सहामाही, पूर्ण मिळाल्या असत्या. एकच देश आणि वर्षही तेच १९७२, तरी एकीकडे ‘आणि त्यावर’ आणि दुसरीकडे ‘हून जास्त’.

मामा : मग त्या पंचेचाळीस सहामाहींचे पैसे किती होतात ते कर.

भाचीने आकडे मांडले. २६,००० चा चौथा हिस्सा ६,५००. त्याला पंचेचाळीसने गुणलं तर २,९२,५०० रुपये. कारखान्याने दिलेल्या ३,३०,००० पेक्षा साडेसदतीस हजार कमी.

मामा : बघ. तिथे वर्षाला तेरा हजार पडतात, कारण अर्धा महिना म्हणजे अर्धा महिनाच. आपल्याकडे भागाकार २६ ने आहे, रविवार वगळून, म्हणून पंधरा दिवसांचे पंधरा हजार होतात. ते २६ मिळवायलासुद्धा गिरणी कामगारांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. दिग्विजय वुलन मिल्सचा निकाल १९८० चा, आणि कायद्यात ते स्पष्ट लिहिलं गेलं १९८७ मध्ये. तू एक चांगली गोष्ट तिकडून उचलतेस आणि दुसरी चांगली गोष्ट इथली ठेवतेस. तसं नाही करता येत.

भाची : करता येत नाही कसं? कलम ४ चं पाचवं पोटकलम म्हणतं, करारात किंवा निवाड्यात कायद्यापेक्षा चांगल्या अटी असतील तर त्या कामगाराला मिळतील. युनियनने पुढच्या करारात ‘सहा महिने किंवा त्यावर’ असे शब्द घालून घेतले की झालं.

मामा : घालून घ्यावेतच. कंपनीलाही त्याने फार फरक पडत नाही, महिन्याच्या एक तारखेला रुजू झालेले आणि अखेरीला निवृत्त होणारे एवढेच त्यात येतात. पण ते शब्द कसे घालायचे हे समजून घे. बीड जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या कर्मचाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, २००६ चा निकाल. दर बँकेच्या योजनेतला आणि वरची मर्यादा कायद्यातली, असं दोन्हीकडचं चांगलं त्यांना हवं होतं. न्यायालय म्हणालं, कायद्याची सगळी योजना घ्या, नाही तर कराराची सगळी घ्या. दोन्हीतलं निवडून घेता येणार नाही. म्हणून करारात नुसतं एक वाक्य लिहून भागत नाही. दर पंधरा भागिले सव्वीसचाच, वरची मर्यादा कायद्यात असेल तीच, वीस लाख तर वीस लाख, आणि वर्ष धरताना सहा महिने किंवा त्यावर, हे सगळं एकाच कलमात एकत्र यायला पाहिजे. नाही तर उद्या कंपनीचा वकील हाच बीडचा निकाल काढून दाखवील.

भाची : म्हणजे तुम्हालाही रेघ बदलावी वाटते.

मामा : मला रेघ असावी वाटते. ती एक दिवस अलीकडे आली तर मी नाही म्हणणार नाही.

इतका वेळ तो कामगार गप्प बसून होता. त्याला पुढच्या कराराशी काही देणंघेणं नव्हतं, तो निवृत्त झालेला. मामांनी त्याला पीएफचं जुनं काही घरात आहे का असं विचारलं. तो दुसऱ्या दिवशी एका पिशवीत सगळे कागद घेऊन आला, आणि त्यात पीएफची २००२-०३ ची वार्षिक स्लिप होती. त्या स्लिपेत पहिला हप्ता जून २००२ चा होता.

मामा : जून? तू तर ऑगस्टला लागलास म्हणतोस.

त्यावर कळलं की जून आणि जुलै हे दोन महिने त्याने तिथेच ‘टेंपररी’ म्हणून काढले होते. कार्ड कंपनीचं, पगार कंपनीचा, काम तेच. १ जूनला लागला, आणि १ ऑगस्टला वैद्यकीय तपासणीनंतर कायम केल्याचं पत्र मिळालं. ऑफिसने सेवा त्या पत्रापासून धरली होती. बावीस वर्षं १ ऑगस्ट हीच त्याच्या सगळ्या कागदांवरची रुजू तारीख होती, म्हणून त्यालाही तीच खरी वाटत होती.

भाची : मग हा प्रश्न रेघेचा नाहीच. १ जून २००२ पासून धरलं तर बावीस वर्षं आठ महिने. तेवीस.

मामा : मी तेच सांगत आलो. रेघेवर भांडणारे दहा येतात, त्यातल्या पाच-सहांची रुजू तारीखच चुकलेली असते. कायम झाल्यापासून धरायचं, प्रोबेशन सोडून द्यायचं, टेंपररी सोडून द्यायचं, ही ऑफिसची जुनी सवय. कायद्यात कर्मचारी या शब्दातून फक्त ॲप्रेंटिस वगळलेला आहे. टेंपररी, बदली, प्रोबेशनर यांना वगळलेलं नाही. तो ॲप्रेंटिस कायद्याखाली करार करून शिकायला आला असता तर ते दोन महिने गेले असते. पण तसं असतं तर त्याचा पीएफ कापला गेला नसता. म्हणून ही स्लिप महत्त्वाची. ईएसआयचं जुनं कार्ड असेल तर तेही बघा, त्यावर नोंदणीची तारीख असते.

नमुना ‘आय’ भरून तो कारखान्यात दिला, बरोबर स्लिपेची प्रत. मुळात अर्ज आला किंवा नाही आला तरी रक्कम ठरवून कामगाराला आणि नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवणं हे मालकाचं काम आहे, कलम ७ तसं सांगत होतं. पण मामांचा अनुभव असा की लेखी मागितल्याशिवाय हिशेब लेखी येत नाही, आणि लेखी आल्याशिवाय तो कुठे चुकला ते दिसत नाही. मे महिन्यात कारखान्याचं पत्र आलं. त्यात जून-जुलै मान्य केले होते, पण नवी अडचण काढली होती. शेवटच्या वर्षी, म्हणजे १ जून २०२४ नंतर, कामगार ७० दिवस गैरहजर होता, पगार नव्हता. ते दिवस वजा केले की आठ महिन्यांच्या २४५ दिवसांतून १७५ उरतात, सहा महिन्यांपेक्षा कमी. सबब वर्षं बावीसच.

भाची : वाचून मला पहिल्यांदा वाटलं की संपलं. मग २४० दिवसांची कसोटी आठवली. पण तीही नीट बसत नव्हती, आठ महिन्यांत २४० कुठून येणार?

मामा : तू मागच्या दारापाशी गेलीस. कलम २-अ मध्ये पहिलं पोटकलम आहे ते पुढचं दार. सेवा अखंड कधी धरायची, ते तिथे लिहिलंय. आजारपण, अपघात, रजा, न सांगता राहिलेली गैरहजेरी, ले-ऑफ, संप, टाळेबंदी, कामगाराचा दोष नसताना थांबलेलं काम, हे सगळं असूनही सेवा अखंडच. गैरहजेरीला एकच अपवाद. स्थायी आदेशांप्रमाणे ती गैरहजेरी सेवेतला खंड धरावी, असा हुकूम रीतसर काढलेला असला तर. २४० दिवस आणि सहा महिन्यांसाठी १२० दिवस, या कसोट्या त्याच्यापुढच्या पोटकलमात येतात. पहिल्या पोटकलमात जो बसत नाही त्याच्यासाठी त्या आहेत. जो बसतो त्याला त्या लावायच्याच नाहीत.

भाची : म्हणजे ७० दिवसांचा पगार नसला तरी ते दिवस सेवेत आहेत.

मामा : पगार न देणं वेगळं आणि सेवा तोडणं वेगळं. हे दोन ऑफिसात नेहमी एक करतात, आणि मुद्दाम करतात असंही नाही. पगारपत्रकाच्या संगणकात ‘बिनपगारी दिवस’ असा एक रकाना असतो, ग्रॅच्युइटीच्या हिशेबात तोच आपोआप वजा होतो. तुझ्याच खोपोलीच्या ऑफिसातल्या पगारपत्रकांत बघ, असेल.

भाचीने नंतर मला सांगितलं की तिने ते पाहिलं. तिच्याकडच्या तीन कारखान्यांपैकी एकाच्या पत्रकात असा रकाना सेवेतून वजा होत होता. तिने तो काढायला लावला.

त्या कामगाराचे ७० दिवस कावीळ आणि नंतरच्या अशक्तपणातले होते, डॉक्टरांचे दाखले होते. खंडाचा हुकूम कोणी काढलेला नव्हता. तसं उत्तर लिहून दिलं, आणि न मानल्यास ९० दिवसांच्या आत नमुना ‘एन’ भरून नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जाऊ, असंही. तिकडे जावं लागलं नाही. जुलैअखेरीला राहिलेले १५,००० जमा झाले. व्याज मात्र दिलं नव्हतं. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर दहा टक्के सरळव्याज, आणि ते देय झाल्या दिवसापासून. फेब्रुवारी ते जुलै सहा महिन्यांचे साडेसातशे रुपये होतात. कामगार म्हणाला, राहू द्या. मामांनी राहू दिलं नाही, आणखी एक पत्र पाठवलं आणि साडेसातशे आले. मला ते योग्य वाटलं. साडेसातशे सोडून दिले तर पुढच्या माणसाला सहाच्या जागी अठरा महिने थांबायला लावायला ऑफिसला काही लागत नाही.

एका गोष्टीचा गोंधळ मात्र अजून सगळीकडे दिसतो, म्हणून इथेच नोंदवतो. सहा महिन्यांचं पूर्ण वर्ष धरणं हे रक्कम काढण्यासाठी आहे, पात्रतेसाठी नाही. चार वर्षं सात महिने झालेला तरुण म्हणतो, माझी पाच धरा. तसं धरता येत नाही. पाच वर्षांची अट वेगळ्या पोटकलमात आहे आणि तिथे अखंड सेवेची कसोटी लागते. पाचव्या वर्षात २४० दिवस प्रत्यक्ष काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरावं, असं मद्रास उच्च न्यायालयाने मेट्टूर बीअर्डसेल प्रकरणात म्हटलं आहे, आणि त्या आधारावर मागणी करता येते. पण तो आधार २४० दिवसांचा आहे, सहा महिन्यांचा नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही.

यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७२ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. मामा-भाचीची पुन्हा गाठ पडली तेव्हा बोलणं तिथूनच सुरू झालं.

भाची : मामा, तुमची रेघ जशीच्या तशी आहे. कलम ५३ मध्ये तेच शब्द, सहा महिन्यांहून जास्त. पण त्यात एक वाक्य माझ्या बाजूचं आलंय. मुदतीच्या नेमणुकीवरचा कामगार आणि मरण पावलेला कामगार, यांना सेवेच्या प्रमाणात द्यायचं. म्हणजे जितके महिने तितके.

मामा : वाचलं. आणि मयताच्या बाबतीत ते मला आवडलं नाही. साडेतीन वर्षं आणि एक महिना काम करून माणूस गेला, तर जुन्या कायद्याने त्याच्या बायकोला चार वर्षांचे मिळाले असते. वर्षाला पंधरा हजार धर, साठ हजार. आता प्रमाणात म्हणजे त्रेपन्न हजार सातशे पन्नास. सहा हजारांवर कमी झाले.

भाची : आणि तीन वर्षं पाच महिन्यांनी गेला असता तर जुन्या कायद्याने पंचेचाळीस हजार, आता एक्कावन्न हजार दोनशे पन्नास. ती बाई तुम्हाला दिसत नाही का?

मामा : दिसते. पण रेघ असताना ज्याला जास्त मिळत होतं त्याच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायचं, याला मी सुधारणा म्हणणार नाही. सहा महिन्यांच्या आत असेल त्याला प्रमाणात आणि वर असेल त्याला पूर्ण वर्ष, असं केलं असतं तर मी तुझ्या बाजूने बोललो असतो.

भाची : हे मला मान्य आहे. हे मी कधी म्हटलं नव्हतं, पण मान्य आहे.

मामा : आणि मुदतीच्या कामगारांचं. या पाताळगंगेत आता नवे लागतात ते बरेचसे मुदतीवरच. दीड वर्षाची मुदत असेल तर तुझ्या नियमाने दीड वर्षाचे मिळणार, पाच वर्षं थांबायला नको, हे चांगलंच. पण त्यालाही एक वर्ष सेवा व्हायला लागते. मग मुदत कितीची लिहून देतील?

भाची : अकरा महिन्यांची.

मामा : मग रेघ गेली कुठे? सहा महिन्यांवरून उठून बारा महिन्यांवर जाऊन बसली. आणि तारीख लिहिणारा हात तोच आहे.

भाची : पण अकरा महिन्यांनंतर त्याच माणसाला त्याच जागेवर दुसरं पत्र दिलं तर सेवा जोडली जाते. मधे चार दिवसांचा खंड दाखवला तरी तो त्याच्या दोषाने नव्हता हे दाखवता आलं की झालं. आपल्या त्या जून-जुलैच्या टेंपररीसारखंच.

मामा : मग त्याला आजच सांगायला पाहिजे, पहिलं पत्र फेकून देऊ नको. दुसरं आलं की दोन्ही एकत्र ठेव, आणि पीएफचा नंबर दोन्ही वेळी एकच आहे का ते बघ. नवा नंबर काढला असेल तर त्याच महिन्यात लेखी विचार. बावीस वर्षांनी विचारण्यापेक्षा ते सोपं पडतं.